‘एक’ की ‘तो’?
> गाईड दर वेळी माझ्या इंग्रजी मसुद्यावर ‘आर्टिकल्स बघ’ एवढंच लिहितात. नक्की काय बघायचं?

आर्टिकल म्हणजे नामाआधीचं ‘अ’ किंवा ‘द’. कुठलं हवं ते ठरवायला नामाआधी मनात ‘एक’ किंवा ‘तो/ती/ते’ लावून पाहा. ‘सॅम्पल वॉज हीटेड इन फर्नेस’ हे माझ्याच मसुद्यातलं वाक्य. नमुन्याचं वर्णन आधी आलं होतं, म्हणजे ‘तो नमुना’: द सॅम्पल. भट्टी पहिल्यांदाच येत होती, म्हणजे ‘एका भट्टीत’: इन अ फर्नेस. पुढच्या वाक्यात तीच द फर्नेस झाली.

ही युक्ती फसते ‘चा-ची-चे’पाशी. ‘तापमानाचा परिणाम’ म्हणताना आपण ‘तो’ लावत नाही, पण इंग्रजीत द इफेक्ट ऑफ टेम्परेचर लागतं. म्हणून मी शेवटी फाइलमध्ये ‘ऑफ’ शोधते आणि त्याच्या आधीचं प्रत्येक नाम वेगळं तपासते. रिसर्च, एव्हिडन्स, इक्विपमेंट यांना मात्र ‘अ’ लावू नका. ती मोजता न येणारी नामं आहेत.