शब्दचर्चा: मागाचं ‘सरासरी आयुष्य’ म्हणावं का?

अक्कलकोट रोड: आमच्या टॉवेलच्या कारखान्यात नव्या मागाच्या पुस्तिकेचं मराठी करतोय, जॉबर मंडळींसाठी. एमटीटीएफ आणि एमटीबीएफ दोन्हींना मी ‘सरासरी आयुष्य’ लिहिलं, अव्हेलेबिलिटीला ‘उपलब्धता’. काल जॉबरनं कागद वाचून विचारलं, “२०० तास लिहिलंय, म्हणजे आठ दिवस माग बंद पडणार नाही ना?” मला उत्तर सुचलं नाही. शब्द चुकला का?

मेंटेनन्सवाला: चुकला. आयुष्य एकदाच संपतं. फ्यूज उडाला की फेकून देतो, तिथे एमटीटीएफ असतो आणि तिथे ‘सरासरी आयुष्य’ शोभतं. माग दुरुस्त होऊन परत चालतो, त्याचा एमटीबीएफ म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ.

जॉबरला मात्र ‘सरासरी’ हा शब्दच नडलाय. बिघाड झिजेमुळे न येता कधीही अवचित येत असेल, तर असे शंभर माग एकदम सुरू केल्यावर २०० तास न थांबता गाठणारे साधारण ३७ निघतात. थोडे माग फार लांब चालतात आणि सरासरी वर ओढतात. म्हणून हा आकडा हमी म्हणून वाचू नये. आणि बेअरिंगसारख्या झिजणाऱ्या भागाला हे ३७ लावू नका, त्याचं गणित वेगळं.

जुनी पेठ: ‘खाडा’ का नको? कामगाराचा खाडा म्हणतो तसा मागाचा खाडा. दोन खाड्यांमधला सरासरी काळ! जॉबरला समजवावं लागणार नाही.

स्पेअरवाला: उपलब्धतेचं म्हणाल तर जेकार्डचं कार्ड सोलापुरात लगेच मिळत नाही. मागवलं की दिवस जातो. पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहा.

अक्कलकोट रोड: काका, ती उपलब्धता नाही ओ. माग किती वेळ चालू स्थितीत असतो, ते विचारतोय.

पॉलिटेक्निक: आमच्याकडे शिकवतात की एकामागोमाग जोडलेल्या यंत्रांत सगळ्यात नाजूक भागाचा आकडा धरायचा. पॅनेल, माग आणि जेकार्ड यांत माग २०० तासांवर असेल, तर पूर्ण संचाचे २०० तास.

मेंटेनन्सवाला: अर्धं बरोबर. नाजूक भागाचा प्रभाव सर्वांत जास्त, पण बाकीचेही आपापले बिघाड आणतातच, त्यामुळे संचाचा आकडा २०० च्या खालीच येणार. समजा पॅनेल सरासरी २००० तासांनी बिघडतं, माग २०० नि जेकार्ड ५०० तासांनी. तिघांतलं एक थांबलं की टॉवेल थांबला. तर काळ नाही, बिघाडांचा वेग मिळवायचा. २००० तासांत पॅनेलचा १, मागाचे १०, जेकार्डचे ४, एकूण १५ बिघाड. २००० भागिले १५ म्हणजे संचाला १३३ तास.

आता उपलब्धता. पॅनेलला दुरुस्तीला ४ तास, मागाला २, जेकार्डला १० धरा. त्याच २००० चालत्या तासांत पॅनेलचे ४ तास गेले, मागाचे २०, जेकार्डचे ४०. एकूण ६४. २००० भागिले २०६४, म्हणजे साधारण ९६.९ टक्के.

इथे थांबून बघा. पंधरापैकी दहा वेळा माग बंद पडतो, म्हणून शिव्या मागाला. वेळ मात्र ६४ पैकी ४० तास जेकार्ड खातं. वहीत नुसते बिघाड मोजणाऱ्याला हे दिसत नाही. बंद कधी पडलं आणि चालू कधी झालं, दोन्ही वेळा लिहाव्या लागतात.

अक्कलकोट रोड: जेकार्डचे १० तास बरोबर वाटतात. आमच्याकडे कार्ड बदलायला दोन तास पुरतात, बाकी वेळ कार्डाची वाट बघण्यात जातो.

मेंटेनन्सवाला: मग स्पेअरवाले काका चुकीच्या दारातून योग्य घरात आले म्हणायचे. एक कार्ड कपाटात ठेवा. जेकार्डचे ४० तास ८ वर येतील, एकूण ६४ चे ३२ होतील आणि उपलब्धता ९८.४ टक्के. संचाचे १३३ तास आहेत तिथेच राहतात, कारण बिघाड तेवढेच होणार, फक्त लवकर सुटणार.

स्पेअरवाला: मी तेच म्हणत होतो की!

पॉलिटेक्निक: म्हणजे पुस्तिकेत दुरुस्तीचा काळ लिहिताना वाट बघणंही त्यात धरलंय का, हे लिहायला हवं.

मेंटेनन्सवाला: हवंच. यंत्र विकणारा बहुधा हातात पाना असेल तेवढाच वेळ सांगतो. मालकाला जेकार्ड बंद पडल्यापासून टॉवेल परत विणायला लागेपर्यंतचा वेळ लागतो. म्हणून मी ‘दुरुस्ती’ऐवजी ‘बंदकाळ’ लिहीन. आणि ‘उपलब्धता’ काकांसारखे चारजण स्पेअरची समजणार असतील, तर ‘चालूपणा’ लिहा.

जुनी पेठ: चालूपणा नको! सोलापुरात ‘चालू माणूस’ म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक. ‘चालू-काळाचं प्रमाण’ लांब आहे, पण कोणी हसणार नाही.

अक्कलकोट रोड: ‘खाडा’ आणि ‘बंदकाळ’ घेतले. उपलब्धतेचं अजून ठरत नाही. आणि लाइट गेल्यामुळे माग थांबला, तर तो खाडा धरायचा का? जॉबर म्हणतो, माझ्या वहीत तो लिहू नका.

मेंटेनन्सवाला: मागाचा नाही, पण टॉवेल तर थांबलाच. वेगळ्या रकान्यात लिहा. मी तो संचाच्या आकड्यात धरत आलोय, माझा जुना साहेब धरत नसे, आणि आमचं त्यावर कधी जमलं नाही.