‘हॅबिट स्टॅकिंग’ला मराठीत काय म्हणायचं? थप्पी, उतरंड की आणखी काही

शहापूरची वहिनी
नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलेय. आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांसाठी एक पान लिहायला घेतलंय, विषय हॅबिट स्टॅकिंग. म्हणजे रोज जे काम आपण न चुकता करतोच त्याच्या पाठीला एक बारकं नवं काम लावून द्यायचं, मग नव्याची वेगळी आठवण ठेवावी लागत नाही, जुनंच आठवण करून देतं. त्या जुन्या कामाला इंग्रजीत अँकर म्हणतात. आता अँकर लिहिलं तर निम्म्या जणींना टीव्हीवर बातम्या देणारी बाई आठवणार, आणि शब्दकोशातला ‘नांगर’ लिहिला तर सगळ्यांना शेतातलाच नांगर, बेळगावात जहाज कुठलं आणायचं. स्टॅकिंगला ‘सवयींची रास’ लिहून बघितलं पण रास म्हटलं की नुसता ढीग डोळ्यापुढं येतो, कशावर काय ठेवलंय ते कळत नाही. सुचवा की काहीतरी.

निपाणीकर
थप्पी म्हणा की सरळ. वखारीत पोत्यावर पोतं लावतो तसं. चहा झाला की सूर्यनमस्कार, मग कोमट पाणी, मग हिशोबाची वही, मग पेपर, २१ दिवस नेटानं केलं की सगळं अंगवळणी पडतंय बघा.

खानापूरचे मास्तर
निपाणीकर, थप्पी शब्द कानाला चांगला आहे, पण थप्पीतली पोती एका मापाची असतात. इथं खालचं मोठं आणि जुनं, वरचं बारकं आणि नवं, असंच पाहिजे. त्याला आपल्याकडं उतरंड हा शब्द घरातच आहे की. आमच्या आजीच्या माजघरात कोपऱ्यात होती, तळाला हा एवढा थोरला रांजणासारखा डेरा, त्यावर जरा लहान मडकं, असं करत करत सगळ्यात वर मुठीएवढं बोळकं आणि त्यात हिंग. कुणी बोळकं तळाला ठेवून वर डेरा ठेवायला गेलं नाही कधी. नव्या सवयीचं तेच आहे, ती बोळक्याएवढी असली तर बसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले सवयींचे अभ्यासक बी. जे. फॉग यांनी अँकर हा शब्द या अर्थानं रुळवला, ते तर ब्रश झाल्यावर एकाच दाताला फ्लॉस करा म्हणतात, म्हणजे फटीतून दोरा फिरवायचा, तोही एकाच दाताला.
आणि ते २१ दिवसांचं सोडून द्या. लंडनमधल्या संशोधकांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या गोष्टीला जोडून एक नवीन काम करायला लावलं होतं, ते २०१० च्या आसपास छापून आलं. त्यात काम आपोआप व्हायला लागायचा मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसात फरक केवढा, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं.

निपाणीकर
बरं मास्तर, ६६ तर ६६. पण चहावर पाच कामं लावली तर काय होतंय, आमची पोरं करतात की.

शहापूरची वहिनी
उतरंड आवडला मला, बायकांना लगेच कळेल. निपाणीकर दादा, पाच कामांचं राहू दे, माझं एकच काम दीड महिना बसेना ते सांगते.
मी लग्न होऊन इकडं आले तेव्हा कन्नड बोलणं हळूहळू जमलं पण वाचता येत नव्हतं, बसची पाटी वाचायला शेजारच्याला विचारायचं. तर ठरवलं की सकाळच्या चहाला रोज कन्नड पहिलीच्या पुस्तकातली एक ओळ वाचायची. एकच ओळ, म्हणजे बोळक्याएवढंच होतं मास्तर. तरी आठवड्यातून दोन दिवस व्हायचं, तीन दिवस व्हायचं, पुढं नाही. मग मी चार दिवस नुसतं बघितलं की माझा चहा होतो कसा, तर अर्धा कप ओट्याशी उभ्यानं, मग दूधवाला, मग मुलाचा डबा, गार झालेला उरलेला चहा कधी पिते कधी ओतते. म्हणजे चहा सुरू झालेला कळतो पण संपला कधी ते माझं मलाच ठाऊक नाही. आणि पुस्तक बाहेरच्या खोलीत कपाटात.
मग चहा सोडला आणि कप धरला. कप विसळून ओट्यावर पालथा घालते ते मात्र रोज, कितीही गडबड असू दे, आणि पालथा घातला की टण आवाज येतो, तिथं काम संपलं. त्याच्या बरोबर वर भिंतीला पुस्तकाचं पान चिकटवलं. कप पालथा, मान वर, एक ओळ. नवव्या-दहाव्या दिवशी कप ठेवायच्या आधीच डोळे वर जायला लागले. आता सात महिने झाले, पान बदलते दर सोमवारी, आणि चन्नम्मा सर्कलला उभी राहून पाट्या मीच वाचते.

हुक्केरीची अक्का
वहिनी हे भारी झालं 👏 मी पण करायलेय असंच, आमच्याकडं नळाला पाणी आलं की लगेच दहा मिनिटं चालून यायचं ठरवलंय. पण होईना, आठवड्यात दोनदाच होतंय.

खानापूरचे मास्तर
अक्का, पाणी रोज येतं काय तुमच्या गल्लीत?

हुक्केरीची अक्का
कुठलं रोज सर, तीन दिवसांनी, कधी चार. आणि आलं की भांडी भरायची धांदल. हां, कळलं. चालणं रोजचं आणि खालचं मडकं तीन दिवसांनी येणारं.

खानापूरचे मास्तर
तेच. पाण्यावर पिंप घासायचं काम लावा, ते तेवढ्याच वेळाला लागतं. चालायला रोजचं काहीतरी शोधा, आणि असं शोधा की ते संपताना तुम्ही दाराजवळ असाल.
आता वहिनींच्या गोष्टीत शब्दाची गंमत आहे ती सांगतो. त्या आधी म्हणाल्या ‘चहाला’ वाचायचं. ‘चहा पिताना’ म्हणा, ‘चहाच्या वेळी’ म्हणा, तेच. मग झालं ‘कप पालथा घातल्यावर’. सगळा फरक त्या ‘-ल्यावर’मध्ये आहे. ‘-ताना’ म्हटलं की दोन कामं एकमेकांच्या अंगावर येतात, ‘-ण्याआधी’ म्हटलं की आठवण करून द्यायला पुढं काहीच घडलेलं नसतं. दात घासण्याच्या बाबतीत हे तपासूनही झालंय, काही जणांना ब्रशच्या आधी फ्लॉस करायला सांगितलं आणि काही जणांना ब्रशनंतर, आठ महिन्यांनी बघितलं तर नंतरवाल्यांची सवय जास्त पक्की दिसली. म्हणून पानावर प्रत्येक वाक्य ‘-ल्यावर’नंच लिहायला लावा बायकांना. ज्या कामाला ‘-ल्यावर’ लावून नेमका क्षण सांगता येत नाही ते काम तळाला ठेवायच्या लायकीचं नाही, ‘सकाळ झाल्यावर’ याला काही अर्थ नाही.

हुक्केरीची अक्का
सर, झाल्यावर मधला ‘वर’ म्हणजे वरच की! कन्नडमध्ये पण तसंच आहे, ‘ऊटा आद मेले’ म्हणतो आम्ही, जेवण झाल्यावर, आणि ‘मेले’ म्हणजे पण वर. टेबलाच्या वर तोच मेले, जेवणानंतर तोच मेले.

खानापूरचे मास्तर
वा अक्का. शाळेत इतकी वर्षं दोन्ही भाषा कानावर पडल्या तरी ही जोडी माझ्या ध्यानात आली नव्हती. म्हणजे एकावर एक ठेवायची कल्पना दोन्ही भाषांच्या व्याकरणातच बसलेली आहे. जेवल्यावर म्हणजे जेवणाच्या माथ्यावर.

चिकोडीचे अण्णा
उतरंड ठीक आहे पण अँकरला कुणीच शब्द दिला नाही अजून. आम्ही शेतकरी खुंटा म्हणणार. जनावर दाव्यानं खुंट्याला बांधतात, जनावर नवं आणि हूड असतं, खुंटा जुना आणि रोवलेला असतो.

टिळकवाडीची ताई
खुंटीच म्हणा ना मग, सोपा शब्द आहे, घरात असते, अडकवता येतं.

चिकोडीचे अण्णा
ताई, खुंटी नको. अभ्यास खुंटीला टांगला म्हणजे सोडून दिला. ज्या बाईनं व्यायाम खुंटीला टांगला तिचा व्यायाम सुटला. खुंटा म्हटलं की उलट, हलवून खुंटा बळकट करतात. वहिनींनी चार दिवस नुसता चहा बघितला की होतो कसा, तो खुंटा हलवून बघणंच झालं, तो हलला म्हणून त्यांनी दुसरा धरला.

टिळकवाडीची ताई
हे पटलं. तरी ‘जोडसवय’ पण बघा, शहरातल्या मुलींना डेराही माहीत नाही आणि खुंटाही.

निपाणीकर
माझं वेगळंच आहे. मला चहा झाला की तंबाखू मळायची सवय, वीस वर्षांची. हे पण स्टॅकिंगच झालं की मग? ते कसं काढायचं त्याला शब्द आहे काय.

खानापूरचे मास्तर
सांधा तोच आहे, चहा संपला की हात आपोआप खिशात जातो. पण ही युक्ती जोडायची आहे, तोडायची नव्हे. चहानंतर दुसरं काही हातात घेतलं तर सांध्याला थोडा फरक पडेल, तंबाखूत मात्र नुसती सवय नसते, निकोटीनची ओढ असते, ती उतरंडीनं जात नाही. त्याला डॉक्टरला दाखवा दादा, हे मनापासून सांगतो.

निपाणीकर
दाखवतो. बायको पण तेच म्हणायलीय.

शहापूरची वहिनी
तुमच्या पाच कामांचं राहिलं होतं दादा. मी मधे कप, ओळ, त्यावर गोळी, त्यावर झाडांना पाणी असं चढवलं होतं. दिवाळीला माहेरी गेले, तिथं कप घासायला बाई होती, माझा कपच पालथा पडेना, आठ दिवस ओळ नाही, गोळी नाही, झाडं तर इकडंच. तळाचं मडकं हललं आणि सगळं खाली आलं. परत आल्यावर फक्त ओळ लावली, ती तीन दिवसांत बसली, गोळी आता रात्री कडी लावल्यावर.
पानावर सध्या असं लिहिलंय, वरती मथळा ‘सवयींची उतरंड’, आणि खाली रिकाम्या जागा ठेवल्यात, ‘_____ केल्यावर मी _____ करणार’. पहिल्या रिकाम्या जागेखाली बारीक अक्षरात ‘खुंटा’ लिहू का नको ते ठरेना, एका पानात मडकी आणि जनावरं दोन्ही आली की गोंधळ होईल असं वाटतंय.

चिकोडीचे अण्णा
मडक्यांतच राहायचं असलं तर तळाच्या मडक्याला काही खास नाव असतंय काय बघा. आमच्यात नुसतं ‘बुडचं’ म्हणत होते.

हुक्केरीची अक्का
बुडचं मस्त आहे की. कन्नडमध्ये पण बुड म्हणजे खालचाच भाग, आमच्या बायकांना सांगायला लागणार नाही. आईला विचारून उद्या सांगते त्यांच्याकडं काय म्हणायचे.