‘ला ला ला’ला मराठीत काय म्हणायचं? (‘निरर्थक’ सोडून)

धरमपेठकर
कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मुलांचं गाणं आहे. चाल माझी, शब्द शेजारच्या काकूंचे. ध्रुवपदाला ‘ला ला ला’ मी मुद्दाम ठेवलंय, शब्द सुचले नाहीत म्हणून नव्हे. सूत्रसंचालकांनी पत्रिकेत लिहिलं, ‘ध्रुवपदातील निरर्थक अक्षरे सर्वांनी म्हणावीत.’ आता ‘निरर्थक’ वाचून म्हणायला कोण उभं राहणार? आपल्याकडे निरर्थक म्हणजे फुकट गेलेलं. ‘आलाप’ म्हणावं तर त्याला ठरलेली अक्षरं नसतात. ‘पालुपद’ हा तर टोमणाच झालाय, तेच तेच बोलणाऱ्याला मारायचा. गाण्यातल्या ‘ला ला’, ‘ना ना’, ‘हं हं’ अशा अक्षरांना नेमका शब्द सुचवा. पत्रिका शुक्रवारी छापायला जातेय.

बर्डीवाला
भाऊ, ‘ना’ला अर्थ नाही कोण म्हनते? ‘चल ना बे’ मधला ‘ना’ काढून पाहा, पोरगा जाग्यावरून हलनार नाही. नागपुरात अर्ध बोलनं ‘ना’वरच चालू राहिलं आहे.

धरमपेठकर
दादा, मी गाण्यातल्या अक्षरांबद्दल विचारतोय, बोलण्यातल्या नाही.

पोथीवाचक
शब्द तयार आहे आणि फार जुना आहे: स्तोभ. सामगानात ऋचेच्या शब्दांमध्ये ‘हाउ’, ‘हाइ’ अशी अक्षरं घालतात, ती स्तोभाक्षरं. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात एकेक स्तोभ घेऊन हा म्हणजे हा लोक, तो म्हणजे वायू असं सांगितलंय. तेराव्याला मात्र कशाचीच जोड दिलेली नाही, त्याला ‘अनिरुक्त’ म्हटलंय, म्हणजे सांगता न येणारा. तो तेरावा कोणता? हुंकार. तुमच्या ‘हं हं’ची वंशावळ इथपर्यंत जाते. ‘निरर्थक’पेक्षा ‘अनिरुक्त’ किती नेमका आहे बघा.

महालची मीनाताई
काका, शब्द सुंदर आहे, पण पत्रिकेत ‘स्तोभ सर्वांनी म्हणावेत’ छापलंत तर लोक ‘क्षोभ’ वाचतील.

तराणाप्रेमी
मुळात ही अक्षरं निरर्थक नसतातच. तराण्यातले ‘तोम’, ‘दिर’, ‘दानी’ सगळे फारसी शब्द आहेत, हे सिद्ध झालेलं आहे.

पेटीवाला
सिद्ध वगैरे काही नाही हो. उस्ताद अमीर खाँ यांचं तसं मत होतं आणि ते तराणा त्याच भावाने गात. पण ‘दिर दिर’ द्रुत लयीत गाणारे बहुतेक जण अर्थासाठी गात नाहीत, जीभ चपळ चालते म्हणून गातात. शिवाय मूळ प्रश्न मुलांच्या गाण्याचा आहे. धरमपेठकर, ‘ला’च्या आधीची ओळ काय आहे? सगळी गंमत तिथेच असते.

धरमपेठकर
‘गच्चीवरुनी हाक मारतो चंद्रा’ आणि लगेच ‘ला ला ला’. केरव्यात आहे. पहिल्याच तालमीत एक सहा वर्षांची पोरगी थांबून म्हणाली, “चंद्राला काय झालं?”

पेटीवाला
बघा, पोरीने बरोबर पकडलं. इंग्रजीत ‘ला’ मोकळा असतो, मराठीत तो विभक्तीचा प्रत्यय आहे. नामाच्या मागे आला की चिकटतोच: चंद्राला, पावसाला, आईला. ‘ना’ची तऱ्हा वेगळी. ‘ये’ नंतर पहिला ‘ना’ आर्जव होतो, दुसरा-तिसरा नकार. म्हणजे बोलावलंही आणि हाकललंही. ‘हं’ तर कधी होकार, कधी दटावणी.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, ओळ फिरवा: ‘चंद्रा, तुजला हाक मारतो’. आता ‘मारतो’ला ‘ला’ चिकटू शकत नाही, तो नुसता सूर म्हणून ऐकू येतो. दोन, ओळ तशीच ठेवा, पण समेवर एक मात्रा रिकामी सोडून ‘ला’ दुसऱ्या मात्रेवर उचला. त्या रिकाम्या जागेत मुलांना टाळी द्या, नाहीतर निम्मी पोरं आधीच सुटतात.

तिसरीही आहे, मला सगळ्यात आवडणारी. ओळ ‘चंद्र गच्चीवर आला’ अशी संपवा. मग ‘आला, ला ला ला’ हा शब्दाचाच लांबलेला शेवट होतो. चंद्र येतच राहतो.

काव्यप्रेमी_इतवारी
एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा काकूंना चार चांगले शब्द लिहू द्या की. ‘ला ला’ म्हणजे सरळ भरती, कवी दमल्याची खूण. आमच्याकडे पोळ्याच्या झडत्या बघा. एक जण झडती म्हणतो आणि सगळा तोरणाखालचा जमाव ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणून उठतो. अर्थ आहे म्हणूनच जोर आहे.

पेटीवाला
झडतीचं उदाहरण चांगलं आहे, पण तिथे जमावाला देवाचं नाव घ्यायचंय, चाल मिरवायची नाही. झडती जवळजवळ बोललीच जाते. नाव किंवा निरोप पोचवायचा असेल तिथे शब्दच हवेत, ‘ला ला’ तिथे हरणारच.

शब्दांपेक्षा अक्षरं सरस ठरतात ती दोन गोष्टी असतील तर. चालीला स्वतःचा आकार हवा, नुसती पेटीवर वाजवली तरी दुसऱ्या दिवशी पोराने गुणगुणावी अशी. एकाच सुरावर ‘ला ला ला’ ठोकलं तर ती कवायत होते. आणि आधीच्या ओळींनी सांगायचं ते सांगून टाकलेलं हवं. बीटल्सचं ‘हे ज्यूड’ (1968) सात मिनिटांचं आहे. त्यातली शेवटची चारेक मिनिटं जवळपास ‘ना ना ना’च आहे, पण ते शब्द संपल्यावर येतं. सुरुवातीला ठेवलं असतं तर कुणी थांबलं नसतं.

भरती ओळखायची माझी खूण साधी आहे. तुमचा ‘ला ला’ उचलून दुसऱ्या कुठल्याही गाण्यात टाकला आणि तो तिथेही तितकाच बसला, तर ती भरतीच. तेवढ्यापुरतं इतवारीकरांचं म्हणणं मला मान्य आहे.

महालची मीनाताई
माझा अनुभव सांगते. गेल्या वर्षी आमच्या भजनी मंडळात एका बाईंनी हौसेने शेवटी ‘हं हं हं’ ठेवलं. घरी बसून फार गोड वाटायचं. मांडवात बारा बायका, माइक एक, शेजारी जनरेटर. आम्ही ओठ मिटून उभ्या, लोकांना वाटलं शब्द विसरल्या.

पेटीवाला
ओठ मिटले की आवाज नाकातूनच निघणार, त्याला जोर कितीसा येणार? ‘हं’ माइकजवळच्या एकट्या गळ्याचं आहे. गच्चीवरच्या वीस पोरांना ‘ला’च बरा. ‘ना’ भराभर म्हटला की तोही थोडा नाकात अडकतो. ‘ला’ला तोंड उघडं राहतं.

काव्यप्रेमी_इतवारी
तरीही शब्द लिहिता न येणाऱ्यांची ही पळवाट आहे, या मतावर मी ठाम आहे.

बर्डीवाला
मग ‘ऐलमा पैलमा’ काय हाय? त्याच्यात कोनता अर्थ हाय?

पोथीवाचक
आहे की! ऐल म्हणजे अलीकडचा तीर, पैल म्हणजे पलीकडचा.

महालची मीनाताई
आणि ‘मा’?

पोथीवाचक
त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. रात्री लिहितो.

तराणाप्रेमी
‘मा’ फारसी असणार. फारसीत ‘मा’ म्हणजे आम्ही.

पेटीवाला
झालं! धरमपेठकर, शब्दाचं म्हणाल तर ‘झील’ बघा. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ धरतात. ‘झील सर्वांनी धरावी’ हे पत्रिकेतही शोभेल.

पोथीवाचक
झील म्हणजे मागून दिलेली साथ. त्या अक्षरांचं नाव नव्हे. एकट्याने ‘ला ला’ म्हटलं तर कसली झील?

बर्डीवाला
‘हुक’ म्हना ना बे सरळ. सगळ्यांले समजते.

पोथीवाचक
हुक शर्टाला असतो.

धरमपेठकर
काकूंनी ‘आला’वाली ओळ घेतली. पोरं ‘आला’ इतका ओढतात की पहिला ‘ला’ कुठे सुरू होतो तेच कळत नाही, पण कुणी अडत नाही. पत्रिका काल गेली. सूत्रसंचालकांनी माझ्या नकळत ‘येथे सर्वांनी लल्लल करावे’ असं छापलंय. ‘लल्लल’ हा शब्द आधी कुणी ऐकलाय का?