प्रतिसाद: टाइलवर चिकटवलेला आरसा

> "निपाणीच्या घरात बाथरूमचा आरसा टाइलवर चिकटवलाय. न फोडता काढायचाय. तंगूस चालेल का?"

चालेल, पण जाड घ्या. पातळ तंगूस घासून तापते आणि तुटते. खानापूरला काकांकडे आम्ही असाच आरसा उतरवला. आधी काचेवर आडवीउभी चिकटपट्टी मारली, म्हणजे फुटली तरी तुकडे उडत नाहीत. मग हेअर ड्रायर सतत फिरवत वरचा भाग गरम केला. एकाच जागी धरला की काच तडकते. तंगुशीची टोकं दोन काठ्यांना बांधून वरून खाली करवतीसारखी ओढली. अडली की जोर न लावता तिथंच पुन्हा ऊब द्यायची. चिकटद्रव्याचा शेवटचा ठिपका सुटताना आरसा एकदम खाली येतो, म्हणून दुसऱ्यानं हातमोजे घालून तो आधीपासून धरायलाच हवा. पूर्ण पाठीला चिकटद्रव्य फासलं असेल तर मात्र तंगूस आत शिरतच नाही.