फोन घरी आल्यावर आपोआप दिवे लावण्यासाठी ठरवलेला ब्लूटूथ सिग्नलच्या ताकदीचा उंबरठा -70 वरून -80 डीबीएमवर नेला तर?

> "-70 ऐवजी -80 ठेवलं की फोन घरी आल्याचं बरोबर कळेल ना?"

नाही, फक्त चुकीचा प्रकार बदलेल. -80 ला तुम्ही लिफ्टपाशी असतानाच दिवे लागतील, आणि -70 ला मागच्या खिशात फोन घेऊन आतल्या खोलीत बसलात की घर तुम्हाला बाहेर गेलेलं समजेल. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे नुसती पाठ फिरवली तरी आकडा 10-15 डीबीने पडू शकतो. मोकळ्या जागेत 20 डीबी म्हणजे दहापट अंतर, यावरून काय ते समजा! शिवाय ब्लूटूथ एलई, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथच्या जाहिराती, म्हणजे 'मी इथे आहे' सांगणारे छोटे संदेश, 37, 38, 39 अशा तीन वाहिन्यांवर जातात. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी प्रत्येकीवर वेगळ्या मिसळतात, म्हणून टेबलावर स्थिर ठेवलेल्या फोनचा आकडाही नाचतो. सरासरी काढलीत तर नाच थांबतो, पण दार उघडल्यावर दिवा उशिरा लागतो.

मी आकड्याकडे बघणंच सोडलं. फोन आधी दहा मिनिटं अजिबात दिसत नव्हता, आता दिसला आणि दोन मिनिटांच्या आत दाराचा सेन्सर उघडला, तरच 'आला'. फोनचा ब्लूटूथ पत्ता मात्र दर काही मिनिटांनी बदलतो, त्यामुळे घर चालवणाऱ्या होम असिस्टंट या सॉफ्टवेअरमध्ये Private BLE Device वापरून त्याची आयआरके, म्हणजे बदलत्या पत्त्यांमागचा फोन ओळखणारी किल्ली, द्यावी लागते.