एकूण कोलेस्टेरॉल २४८, पण एचडीएलही ८२. धोका कसा धरायचा?

देवगडहून विचारतोय. आई ५८ वर्षांची. उपाशीपोटी रिपोर्ट: एकूण २४८, एचडीएल ८२, ट्रायग्लिसराइड ९०, एलडीएल १४८. साखर, बीपी, थायरॉईड नॉर्मल. मशेरीही लावत नाही. मामाला मात्र पन्नाशीच्या आत अटॅक आला होता.

लॅबवाला म्हणतो, एकूण भागिले एचडीएल तीनच येतं, बिनधास्त राहा. मला पटत नाही, कारण एचडीएल वजा केलं तरी १६६ उरतात. खोबरं, तळलेलं कमी करून पुन्हा तपासलं, आकडे जवळपास तेच.

कॅल्शियम स्कोअरच्या सीटीसाठी कोल्हापूर गाठावं लागेल, आईला घाट लागतो. त्याआधी इथूनच रक्त पाठवून एपोबी आणि लिपोप्रोटीन-ए केलं, तर गोळी सुरू करायची की नाही हे ठरवायला डॉक्टरांना तेवढं पुरेल का?