मदत हवी आहे: ‘जरा पॉप व्हायला हवं’ म्हणजे लेबलात नेमके काय बदलायचे?

कोरा_कागद: एका घरगुती उद्योगासाठी लसूण चटणीच्या बरणीचे लेबल करत आहे. तिसऱ्या मसुद्यालाही ग्राहक बाईंचे उत्तर तेच आले: “छान आहे, पण जरा पॉप व्हायला हवं.” रंग भडक केले, नाव ठळक केले, तरी समाधान नाही. उद्या फाइल छापखान्यात द्यायची आहे, तेव्हा कृपया नेमके सांगा.

शाईवाला: लेबलाचा आकार, रंग आणि मुख्य म्हणजे बाईंनी ते कशावर पाहिले, यातले काहीच आपण लिहिलेले नाही.

झगमग: एवढी चौकशी कशाला? नावावर स्पॉट यूव्ही, म्हणजे तेवढ्याच जागेवर चकचकीत थर, करून घ्या. आमच्या अगरबत्तीच्या खोक्यावर केले आणि मालक लगेच खूश झाले.

कोरा_कागद: मोबाइलवर, व्हॉट्सॲपमध्ये पाहिले. लेबल १० बाय ६ सेंटिमीटर. पार्श्वभूमी विटकरी, नाव गडद हिरवे २४ पॉइंट, ‘घरगुती चवीची’ ही ओळ २० पॉइंट, शेजारी चटणीचा फोटो.

शाईवाला: मग स्पॉट यूव्ही त्यांना दिसणारच नाही. फाइलची एक प्रत ग्रेस्केल करून पाहा. विटकरी आणि गडद हिरवा जवळजवळ एकाच राखाडी छटेत उतरतील. रंग वेगळे असले तरी उजळपणा सारखा असल्यामुळे नाव बुडते आहे. ते सायीच्या रंगाचे करा. २४ आणि २० मधला फरकही डोळ्याला जाणवत नाही, म्हणून नाव ४० वर न्या आणि ओळ १२ वर आणा. ती ओळ मात्र ठळक ठेवू नका, कारण एवढ्या लहान आकारात ‘च’ आणि ‘व’ यांची पोटे शाईने भरून येतात.

तिरकी_रेघ: असहमत. लाल आणि हिरवा रंगचक्रात समोरासमोर आहेत, ते उठून दिसतातच.

शाईवाला: एक उजळ आणि एक गडद असेल तर दिसतात. उजळपणा सारखा असेल तर अक्षरांच्या कडा नुसत्या थरथरल्यासारख्या वाटतात.

वहीखाते: तीन मसुदे फुकट दिलेत का? मी कोटेशनमध्येच दोन फेऱ्या लिहून देतो, तिसरीचे पैसे वेगळे लावतो.

कोरा_कागद: पैशांचा प्रश्न नाही. ग्रेस्केलमध्ये नाव खरोखरच गायब झाले. बाईंना फोन करून “लेबल उघडल्यावर आधी काय दिसलं?” असे विचारले, तर म्हणाल्या, “चमचा.” फोटोत चटणीवर स्टीलचा चमचा ठेवलेला आहे.

शाईवाला: अख्ख्या लेबलात सर्वांत उजळ जागा तीच असणार. चमचा फोटोतून काढा.

कोरा_कागद: चमचा काढला, नाव सायीच्या रंगात ४० पॉइंटवर नेले आणि ओळ साधी करून १२ वर आणली. बाईंचे उत्तर आले: “आता नाव लगेच वाचता येतं, पण तो चमचा छान होता हो.”

झगमग: म्हणूनच चमच्यावर स्पॉट यूव्ही!

शाईवाला: दोन प्रती पाठवा, एकीत चमचा काळपट करून ठेवा, दुसरीत काढून टाका, बाकी काहीही बदलू नका. आणि या वेळी लेबल मूळ मापात छापून, बरणीला गुंडाळून, चार हात दूर ठेवून फोटो काढा.